सोसायटीपर्यंतच्या फायबरचा पॉवर बजेट: कागदावर −१८.५, मीटरवर −२४.६

प्रश्न: सर, आमचं छोटं इंटरनेटचं नेटवर्क आहे, जीपीऑन. ओएलटीत बी प्लस एसएफपी, त्याची पॉवर ३.४ दाखवते. पुढे क्लोजरमध्ये १:४ स्प्लिटर, गल्लीतल्या बॉक्समध्ये १:८ स्प्लिटर, आणि तिथून ड्रॉप केबल सोसायटीच्या मीटर रूमपर्यंत. तिथे एमडीयू बसवलाय, घराघरात कॅट सिक्स नेलीय. केबल एकूण साडेसात किलोमीटर. हिशोबाने −१८.५ यायला हवं, मीटरवर −२४.६ येतंय. ओएलटीवर त्या एमडीयूची पॉवर −२२.४ दिसते, एमडीयूचा ट्रान्समिट २.०. त्याच १:८ वरच्या बाकी चार इमारती −१७.६ ते −१८.९ आहेत. लिंक चालू आहे, पण मधूनच जाते. स्प्लाइस आणि कनेक्टरचे किती डीबी धरायचे? मी कमी धरले का? सी प्लस एसएफपी टाकून काम होईल का?

उत्तर:

स्प्लाइस आणि कनेक्टरचे तुम्ही कमी धरलेले नाहीत. गेलेले सहा डीबी हिशोबात नाहीत, साइटवर आहेत. तुमच्याच आकड्यांवरून सांगतो की ते बहुतेक करून ड्रॉप केबलच्या किंवा मीटर रूममधल्या एखाद्या बेंडमध्ये गेलेत आणि थोडे एखाद्या खराब कनेक्टरमध्ये. सी प्लस एसएफपी सध्या घेऊ नका. आता हे कशावरून, ते पाहू. त्यासाठी आधी हिशोब एकदा नीट मांडावा लागेल.

बी प्लससाठी मानकात एक ठरलेली चौकट आहे. ओएलटीची पॉवर किमान +१.५ डीबीएम, जास्तीत जास्त +५. ओएनयूला, म्हणजे तुमच्या एमडीयूला, −२७ पर्यंत ऐकू यायलाच हवं. उलट दिशेला एमडीयूची पॉवर किमान +०.५ आणि ओएलटीला −२८ पर्यंत ऐकू यायला हवं. दोन्हीकडून फरक २८.५ येतो, त्यातला अर्धा डीबी सिग्नल वाटेत विस्कटतो म्हणून सोडायचा. उरतात २८. ओएलटीपासून एमडीयूपर्यंत मधे जे काही आहे त्या सगळ्याचा लॉस २८ च्या आत बसला पाहिजे. १३ पेक्षा कमीही नको, नाहीतर समोरच्या रिसीव्हरचे डोळे दिपतात. टेबलावर स्प्लिटरशिवाय, फक्त पॅच कॉर्डने ओएलटी आणि ओएनयू जोडून टेस्ट करणाऱ्यांनी ही खालची मर्यादा लक्षात ठेवावी.

इथे एक बारकावा बऱ्याच जणांच्या हातून सुटतो. मानकातली पॉवर मोजण्याची जागा ही उपकरणाच्या कनेक्टरच्या पलीकडची, म्हणजे फायबरमधली असते. त्यामुळे एसएफपीत खोचलेलं पॅच कॉर्डचं टोक आणि एमडीयूत खोचलेलं टोक, ही दोन्ही २८ मध्ये मोजायची नाहीत. मोजायची ती मधली ॲडाप्टरवरची जोडणी. तुमच्या लिंकमध्ये अशा तीन आहेत: कंट्रोल रूममधल्या ओडीएफवर एक, १:८ च्या आउटपुटला एक आणि मीटर रूमच्या बॉक्समध्ये एक. जोडणी म्हणजे समोरासमोर आलेली दोन टोकं मिळून एक. दोन टोकांचे दोन लॉस धरले की बजेट उगाच फुगतं.

कनेक्टरच्या प्रत्येक जोडणीला मी ०.५ धरतो. कारखान्यात पॉलिश केलेलं स्वच्छ टोक प्रत्यक्षात ०.२ ते ०.३ देतं, पण डिझाइनच्या कागदावर ०.५ च लिहावं, कारण दोन वर्षांनी ती जोडणी कोणीतरी चार वेळा उघडलेली असते. फ्युजन स्प्लाइसला ०.१ पुरतो. मशीनवर ०.०१, ०.०२ असे आकडे दिसतात, त्यावर फार विसंबू नका. मशीन लॉस मोजत नाही, जोडाच्या प्रतिमेवरून अंदाज करतं. मेकॅनिकल स्प्लाइस असेल तर ०.३ धरा. साइटवर हाताने बसवलेला फास्ट कनेक्टर असेल तर मी मनातल्या मनात ०.५ च्या पुढेच असतो. आतलं जेल सुकतं, फायबर केसाएवढं मागे सरकतं, आणि बसवल्या दिवशीचा आकडा पुढे तसाच राहत नाही.

आता तुमची लिंक. कंट्रोल रूमपासून मीटर रूमपर्यंत, १४९० नॅनोमीटरला, म्हणजे खाली येणाऱ्या सिग्नलला:

फायबर ७.५ किमी, किलोमीटरला ०.२५ = १.९
१:४ स्प्लिटर = ७.२
१:८ स्प्लिटर = १०.५
स्प्लाइस ८, प्रत्येकी ०.१ = ०.८
कनेक्टर जोडण्या ३, प्रत्येकी ०.५ = १.५
एकूण = २१.९ डीबी

आठ स्प्लाइस मी अशा मोजल्या: ओडीएफच्या पिगटेलची एक, मुख्य केबलच्या ड्रम जोडांच्या दोन, १:४ च्या आत-बाहेर मिळून दोन, पुढच्या केबलचा एक जोड, १:८ च्या इनपुटची एक आणि मीटर रूममधल्या पिगटेलची एक. तुमच्याकडे दोन-चार इकडेतिकडे असतील. त्याने ०.२, ०.३ चा फरक पडेल, सहाचा नाही. एकूण बेरजेतले १७.७ तर दोन स्प्लिटरच खातात. म्हणूनच स्प्लाइसला ०.०५ धरायचे की ०.१ यावर वाद घालण्यात मला रस नसतो. बजेट बसतं की नाही हे स्प्लिटर ठरवतो. स्प्लाइस आणि कनेक्टर काय करतात, तर बसलेलं बजेट साइटवर बिघडवतात.

वर जाणारा सिग्नल १३१० नॅनोमीटरचा. त्याला फायबरचा लॉस जास्त, किलोमीटरला ०.३५. साडेसात किलोमीटरचे २.६ होतात आणि एकूण २२.६. कागदावर घट्ट दिशा नेहमी हीच असते, त्यामुळे बजेट या दिशेने तपासायचं. २८ मधून २२.६ गेले, ५.४ उरले. त्यातले ३ मी पुढच्या दुरुस्त्यांसाठी बाजूला ठेवतो. पाण्याच्या लाइनसाठी जेसीबी आला आणि केबल तुटली की मधे तुकडा टाकून दोन नवे जोड होतात. पावसाळ्यात क्लोजरमध्ये पाणी शिरतं. हे सगळं त्या ३ मध्ये. तरीही २.४ हातात राहतात, म्हणजे तुमचं डिझाइन व्यवस्थित आहे.

बजेट बसतं का हे तपासताना पॉवर +१.५ ची धरायची, कारण उद्या एसएफपी बदलला आणि तो मानकाच्या खालच्या टोकाचा निघाला तरी लिंक चालली पाहिजे. मीटरवर काय यायला हवं हे काढताना मात्र आजची खरी पॉवर घ्यायची. ३.४ मधून २१.९ वजा केले की −१८.५. तुमचा आकडा बरोबर आहे.

आता दोन्ही दिशांचा प्रत्यक्ष लॉस काढू. खाली येताना: ३.४ पासून −२४.६ पर्यंत, २८.० डीबी. म्हणजे मर्यादेच्या अगदी काठावर, आणि लिंक टिकून आहे ती एसएफपी सशक्त निघाला म्हणून. वर जाताना: २.० पासून −२२.४ पर्यंत, २४.४ डीबी. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. निरोगी लिंकमध्ये वर जाणारा लॉस खाली येणाऱ्यापेक्षा थोडा जास्त असायला हवा, तुमच्या लांबीला ०.७ ने. तुमच्याकडे उलट झालंय, खाली येणारा ३.६ ने जास्त आहे.

घाणेरडं टोक किंवा खराब स्प्लाइस दोन्ही तरंगलांबींना जवळपास सारखंच खाते. दोन्हींना इतकं वेगवेगळं वागवणारी नेहमीची गोष्ट एकच, बेंड. फायबर वाकला की लांब तरंगलांबीचा प्रकाश कोअरमधून आधी बाहेर पडतो. १३१० बऱ्यापैकी निभावून जातो, १४९० गळतो, १५५० आणखी जास्त गळतो. हिशोबापेक्षा जादा लॉस तुमच्याकडे खाली येताना ६.१ आहे आणि वर जाताना १.८. मधला ४.३ चा फरक बेंडच्या खात्यावर टाका. वर जाताना दिसणारे १.८ मात्र बेंडने एकट्याने केले असतील असं मला वाटत नाही. त्यातला बराचसा भाग दोन्ही दिशांना सारखा लागणारा, म्हणजे एखादं खराब टोक किंवा फास्ट कनेक्टर असावा. दोन वेगळे दोष एकाच लिंकवर आहेत असं धरून चला. एक सापडला की दुसरा शोधायचं राहून जाऊ नये, म्हणून मुद्दाम सांगतोय.

थोडं सावध राहा. उपकरणं स्वतः दाखवतात त्या पॉवरच्या आकड्याला ±३ डीबीपर्यंत चूक माफ असते. मग ३.६ वर विश्वास का ठेवायचा? कारण तुमच्याकडे बाकीच्या चार इमारती आहेत. त्याच ओएलटी पोर्टवर त्याच रिसीव्हरने त्यांची पॉवरही मोजलीय. त्या चारही एमडीयूंचा ट्रान्समिट आणि ओएलटीवरची पॉवर काढा आणि हेच गणित करा. त्यांच्याकडे दोन्ही दिशांचे लॉस जवळजवळ जुळत असतील आणि फक्त या इमारतीचे उलटे असतील, तर ओएलटीच्या मोजमापाची चूक सगळ्यांना सारखी लागून आपोआप बाद होते. या एमडीयूचा स्वतःचा आकडा तेवढा मीटरने पडताळून घ्या.

त्या चार इमारतींनी आणखी एक काम केलंय. त्या −१७.६ ते −१८.९ मध्ये आहेत. १:८ च्या वेगवेगळ्या पोर्टमध्ये एकमेकांत डीबीभराचा फरक असतोच, तेव्हा हे नॉर्मल. म्हणजे ओडीएफ, मुख्य केबल, १:४ आणि १:८ चं इनपुट, सगळं ठीक आहे. बिघाड १:८ च्या तुमच्या आउटपुट पोर्टपासून पुढे आहे. क्लोजर उघडायला खांबावर चढू नका. चारही इमारती सारख्याच पडल्या असत्या तर गोष्ट वेगळी होती.

साइटवर गेल्यावर मी या क्रमाने जाईन. आधी मीटर १४९० वर आहे का ते बघा. तुमच्या फायबरवर केबल टीव्हीचा १५५० चा सिग्नल चढवलेला असेल तर साधा मीटर दोन्हींची बेरीज दाखवतो, टीव्हीचा सिग्नल दणकट असल्यामुळे आकडा छान दिसतो आणि आपण फसतो. त्यासाठी फिल्टर असलेला पॉन मीटरच हवा. मग मीटर रूममध्ये एमडीयूतून पॅच कॉर्ड काढून मीटरला लावा आणि आकडा लिहा. मग बॉक्स उघडा आणि मीटर लावलेलाच ठेवून आतली गुंडाळी एका बोटाने अलगद उचला, झाकणाखाली दबलेली पॅच कॉर्ड सोडवा, झिप टाय सैल करा. एकेक हालचाल करायची आणि आकड्याकडे बघायचं. बेंड आत असेल तर पॉवर डोळ्यांसमोर दोन-तीन डीबीने उसळते. हे पाच मिनिटांचं काम आहे, आणि एमडीयू असलेल्या इमारतींत बेंड मला सगळ्यात जास्त वेळा बॉक्सच्या झाकणापाशीच सापडलाय. लिंक मधूनच जाते याचंही कारण इथेच असू शकतं. मीटर रूममध्ये वीज कंपनीचा माणूस येतो, इलेक्ट्रिशियन येतो, सोसायटीचा वॉचमन झाडू तिथे ठेवतो. कोणाचा तरी हात लागतो, वळण आणखी आवळतं, आणि −२४.६ चे −२७ व्हायला फार लागत नाही.

पिवळ्या आवरणाच्या पॅच कॉर्डमध्ये लाल लेझर सोडून पाहिला तर बेंडच्या जागी आवरणातून लाल उजेड दिसतो. काळ्या ड्रॉप केबलमध्ये तो दिसणार नाही. लेझर सोडलेल्या टोकात कोणीही डोळा घालू नये.

बॉक्समध्ये काही हाललं नाही तर गल्लीतल्या १:८ च्या बॉक्सवर जा. तुमच्या पोर्टवरचा ड्रॉपचा कनेक्टर काढा आणि पोर्टलाच मीटर लावा. तिथे −१७.३ च्या आसपास यायला हवं, एखादा डीबी वरखाली चालेल. आलं, तर दोष ड्रॉप केबलमध्ये किंवा तिच्या दोन टोकांत. नाही आलं, तर शेजारचा रिकामा पोर्ट मोजा. रिकामा चांगला आणि तुमचा खराब, तर पोर्टचं टोक साफ करून पुन्हा मोजा, आणि तरीही खराबच राहिलं तर सरळ पोर्ट बदला. ड्रॉपमध्ये बघण्यासारख्या जागा ठरलेल्या आहेत: कंपाउंड वॉलवरून खाली वळते ती कड, पाइपला तारेने आवळलेली जागा, भिंतीवरचे क्लिप आणि भिंतीच्या भोकातून आत शिरताना घेतलेलं काटकोनी वळण. ड्रॉप जी.६५७.ए२ फायबरची असेल तर साडेसात मिलिमीटर त्रिज्येचं वळण ती सहन करते. ए१ ला दहा धरा. साध्या जी.६५२ पिगटेलला तीस मिलिमीटर तरी द्या. गंमत अशी की ड्रॉप चांगल्या फायबरची घेतली जाते आणि बॉक्समधली पिगटेल मात्र दुकानातली सगळ्यात स्वस्त, साध्या फायबरची. सगळ्यात आवळलेलं वळण नेमकं तिथेच येतं.

कनेक्टरचा दोष शोधताना आधी रंग बघा. हिरवा एपीसी, निळा यूपीसी. हिरव्याच्या टोकाला आठ अंशांचा तिरकस काप असतो. तो निळ्याला भिडला की दोघांत हवेची फट राहते, काही डीबी जातात आणि परावर्तन वाढतं ते वेगळंच. रंग जुळत असतील तर क्लीनरने दोन्ही टोकं पुसा, ॲडाप्टरच्या आतलं टोकसुद्धा, आणि पुन्हा मोजा. शर्टाच्या बाहीने पुसलेलं टोक मायक्रोस्कोपखाली एकदा बघाच, परत तसं करणार नाही. पुसूनही डीबी-दीड डीबी राहत असेल आणि फास्ट कनेक्टर असेल, तर त्याच्याशी झटत बसू नका. कापून तिथे पिगटेल स्प्लाइस करा.

ओटीडीआर लावायची पाळी आली तर दोन गोष्टी. चालू पॉनवर इमारतीच्या टोकाने १३१० किंवा १५५० चा पल्स मारू नका. १३१० वर बाकीच्या चार इमारतींचा वर जाणारा सिग्नल असतो, सगळेच ऑफलाइन जातील. ड्रॉप १:८ पासून सोडवून फक्त तेवढाच तुकडा मोजा, मग १३१० आणि १५५० दोन्ही खुशाल मारा. ज्या जागी १५५० ला मोठी पायरी आणि १३१० ला छोटी, तिथे बेंड. दोन्हीकडे सारखी, तर स्प्लाइस किंवा कनेक्टर. दुसरी गोष्ट, एका बाजूने दिसलेल्या स्प्लाइस लॉसवर निर्णय घेऊ नका. वेगवेगळ्या जातीचे फायबर जोडले की ओटीडीआर एका बाजूने ०.३५ लॉस दाखवतो आणि दुसऱ्या बाजूने ०.२० चा चक्क फायदा. जोडात पॉवर वाढत नाही. दोन्हींची सरासरी घ्यायची, इथे ०.०७५ येते, म्हणजे स्प्लाइस उत्तम आहे. अशी चांगली स्प्लाइस तीन-तीनदा तोडून पुन्हा करणारी मुलं मी पाहिलीत.

दुरुस्ती झाल्यावर मीटर रूममध्ये −१८.५ च्या आसपास आणि ओएलटीवर या एमडीयूची पॉवर −२०.६ च्या आसपास दिसली पाहिजे. पहिला आकडा सुधारला आणि दुसरा −२२ वरच अडकला, तर बेंड गेला पण कनेक्टर अजून तिथेच आहे.

सी प्लसचं असं आहे. त्याची पॉवर +३ ते +७ असते आणि ओएलटीला −३२ पर्यंत ऐकू येतं, म्हणून मर्यादा २८ ची ३२ होते. खाली येताना −३० पर्यंत जायचं तर ओएनयूकडे एफईसी, म्हणजे चुका दुरुस्त करण्याची सोय, चालू हवी, हे विकणारा सांगत नाही. आज तो बसवला तर पॉवर दीड-दोन डीबीने सुधारेल, तक्रार काही आठवडे थांबेल आणि बेंड जागच्या जागी राहील. सी प्लसची खरी गरज तुम्हाला पडेल ती गल्लीतला १:८ काढून १:१६ टाकायचं ठरवलंत तर. तेव्हा १०.५ चे १३.७ होतील, वर जाणारा लॉस २५.८ वर जाईल आणि बी प्लसमध्ये २.२ च उरतील. दुरुस्तीसाठी ठेवायचे ३ सुद्धा त्यात बसत नाहीत, तिथे सी प्लसचे पैसे वाजवी आहेत. घेताना जवळच्या इमारतींचा लॉस मात्र तपासा, कारण सी प्लसला मधे किमान १७ डीबी लागतात. कंट्रोल रूमच्या शेजारची, फक्त १:४ वर टाकलेली इमारत त्या पोर्टवर असेल तर तिच्यासाठी ॲटेन्युएटर लावावा लागेल.